घड्याळ वेगळं, मीटर वेगळं: डिशवॉशरच्या चार बटणांत नेमकं काय बदलतं

भंडाऱ्यात जेवण झालं की ओट्याशेजारी साचणारा ढीग ठरलेला असतो. भाताचा गंज, वरणाचं पातेलं, स्टीलची ताटं-वाट्या आणि एखाद्या रविवारी सावजी रश्श्याची तेलकट कढई. ज्या घरांत डिशवॉशर आलं आहे तिथे हा ढीग यंत्रात जातो आणि मग बोट बटणांवर अडखळतं. इकोला साडेतीन तास, इंटेन्सिव्हला दोन, क्विकला अर्धा, आणि ऑटो आपला वेळ आपणच ठरवतो. साडेतीन तास चालणारं बटण कमी वीज खातं हे पटत नाही, म्हणून बहुतेक घरांत क्विकच दाबलं जातं. हा गैरसमज आधी दूर करू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

वीज खातो तो हीटर

यंत्रात वीज वापरणारे भाग मुख्यतः दोन. पाणी तापवणारा हीटर साधारण 2,000 वॉटचा असतो. तेच पाणी फिरत्या पंख्यांमधून भांड्यांवर उडवणारा पंप 50 ते 60 वॉटचा. म्हणजे हीटर एक मिनिट चालला की जेवढी वीज जाते, तेवढ्यात पंप अर्ध्या तासापेक्षा जास्त चालतो.

इको सायकल नेमका हाच फरक वापरते. ती पाणी 45 ते 50 अंशांपर्यंतच तापवते आणि कमी उष्णतेची भरपाई वेळाने करते. भांडी बराच वेळ ओली राहतात, मधूनमधून पंप थांबतो, चिकटलेलं अन्न भिजून फुगतं. डिटर्जंटमधल्या एन्झाइमना काम करायला हेच तापमान मानवतं. एक एन्झाइम भाताचा स्टार्च तोडतं, दुसरं डाळीतलं आणि दुधातलं प्रथिन. त्यांना आच नको, सवड हवी. वाळलेलं शीत आपल्या हातूनही ताटात पाणी घालून ठेवल्यावरच सुटतं. यंत्राचं काही वेगळं नाही.

पाणी सगळीकडे जवळपास तेवढंच

बारा-तेरा जणांच्या भांड्यांचं आजचं यंत्र एका वेळी साधारण चार लिटर पाणी तळाशी घेतं आणि तेच पुन्हा पुन्हा गाळून फिरवतं. पाणी घाण झालं की सोडून देतं आणि नवं घेतं. म्हणून सायकलचा एकूण खर्च हे पाणी किती वेळा बदललं त्यावर ठरतो. इकोमध्ये तो साधारण 10 लिटर येतो. क्विकमध्येही 9-10 लिटर, कारण तिथे सुरुवातीचं विसळणं कमी केलेलं असलं तरी धुणं आणि शेवटचं विसळणं टळत नाही. इंटेन्सिव्ह जास्तीची विसळणी घेते आणि 12 ते 15 लिटरपर्यंत जाते. ऑटो या दोन टोकांच्या मधे कुठेही थांबते.

चार बटणांतला पाण्याचा फरक म्हणजे फार तर अर्धी बादली. ताटं यंत्रात लावण्याआधी नळाखाली विसळलीत, तर तेवढं पाणी तिथेच वाहून जातं. उष्टं खरवडून काढा, तेवढं पुरतं.

भंडाऱ्याचा हिशेब: डिसेंबर आणि मे

एक युनिट विजेत 860 लिटर पाणी एका अंशाने तापतं. हा आकडा हाताशी ठेवून आपल्या टाकीचा हिशेब मांडू.

मुख्य धुण्यासाठी चार लिटर पाणी घेतलं असं धरा. त्याच्यासोबत आतली स्टीलची भांडी आणि यंत्राची स्टीलची पेटीही तापते. असं सगळं मिळून 25 किलो स्टील धरलं, तर ते उष्णता शोषायला सुमारे तीन लिटर पाण्याइतकं भरतं. म्हणजे हीटरला सात लिटर पाणी तापवायचं आहे असं समजायला हरकत नाही.

डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 20 अंशांवर असलं, तर इकोच्या 50 अंशांसाठी 30 अंशांची चढण आहे. सात गुणिले तीस म्हणजे 210. त्याला 860 ने भागलं की जवळजवळ पाव युनिट. इंटेन्सिव्ह 70 अंशांवर जाते. तिथे चढण 50 अंशांची आणि खर्च 0.41 युनिट.

आता मे महिना घ्या. भंडाऱ्याचा पारा 45 च्या आसपास असताना त्याच टाकीचं पाणी दुपारी 38 अंशांवर सहज असतं. इकोला 12 अंशच चढायचे आहेत, म्हणून खर्च 0.10 युनिटवर येतो. इंटेन्सिव्हला तरीही 0.26 युनिट लागतंच.

हा खर्च फक्त मुख्य धुण्याचा. भांडी वाळावीत म्हणून शेवटचं विसळणंही गरम पाण्याने होतं. त्याची आणि पंपाची वीज, शिवाय वाया जाणारी उष्णता धरली, तर यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिसणारे आकडे जुळू लागतात: इकोला पाऊण ते एक युनिट, इंटेन्सिव्हला सव्वा ते दीड. हे आकडे साधारण 15 अंशांच्या थंड पाण्यावर मोजलेले असतात. युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून लागू असलेल्या नियमांनुसार यंत्रावरच्या ऊर्जा-लेबलचे आकडे इको सायकलचेच असावे लागतात. आपल्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी येतो, आणि तापवायचं अंतर थोडं राहिल्यामुळे इको कधी कधी पुस्तिकेतल्या वेळेआधीच संपते.

क्विक कशासाठी आहे

क्विकच्या अर्ध्या तासात पाणी 45 अंशांपर्यंत जातं, म्हणजे चढण जवळपास इकोएवढीच असते. त्यामुळे वीज साधारण इकोइतकीच जाते, आणि तरीही भिजायला वेळ मिळत नाही. वाळवणं तर बहुतेक यंत्रांत वगळलेलंच असतं. पाहुण्यांच्या चहाचे कप, पाण्याचे पेले, आत्ताच रिकामी झालेली पोह्यांची ताटं यांना क्विक पुरते. सकाळपासून पडलेल्या भाताच्या गंजाला पुरत नाही.

डिटर्जंटची घट्ट वडी अर्ध्या तासात पुरती विरघळतेच असं नाही. डबीत अर्धवट वडी चिकटलेली दिसली, तर क्विकसाठी पावडर वापरा. रोज क्विकच चालवली तर तेल पाण्याबरोबर नीट निघून जात नाही. फिल्टरमध्ये आणि नळीत थर धरतं. दार उघडताच आंबट वास आला की समजावं. फिल्टर काढून गरम पाण्याने धुवावा आणि यंत्र रिकामं ठेवून एकदा इंटेन्सिव्ह चालवावी.

इंटेन्सिव्ह काय करू शकते, काय नाही

सत्तर अंशांवर वनस्पती तूप, मटणाची चरबी आणि मसाल्याची तर्री पूर्ण पातळ होते, आणि डिटर्जंटमधला क्षार ती पाण्यात ओढून घेतो. इथे पंखेही जास्त दाबाने पाणी मारतात. सावजी रश्श्याचं पातेलं किंवा तळणाची कढई असेल, तर ही दीड युनिट वीज सार्थकी लागते. एन्झाइम मात्र या तापमानाला फार काळ टिकत नाहीत. म्हणून फक्त भात-वरणाची भांडी असतील, तर इंटेन्सिव्ह इकोपेक्षा उजवी ठरेलच असं नाही.

कढईच्या तळाशी बसलेला काळा चकचकीत थर हे पुन्हा पुन्हा तापून घट्ट झालेलं तेल असतं. तो कोणत्याच सायकलने जात नाही. त्याला घासणीच लागते.

ऑटो काय पाहते

ऑटोमध्ये यंत्राच्या तळाशी एक छोटा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. पहिलं विसळणं झालं की मधल्या पाण्यातून किती प्रकाश पलीकडे पोचतो ते मोजलं जातं. पाणी स्वच्छ दिसलं, तर यंत्र तेच पाणी पुढे वापरतं आणि 45 अंशांच्या आसपास थांबतं. गढूळ दिसलं, तर ते सोडून देतं, नवं घेतं आणि 65 अंशांपर्यंत चढतं.

सेन्सर पाण्याकडे पाहतो, भांड्याकडे नाही, हे ध्यानात ठेवलं की त्याच्या चुका आपोआप उमजतात. आपल्या भातखाऊ भागात एक चूक वारंवार घडू शकते. भाताची पेज पाण्यात मिसळली की पाणी दुधासारखं पांढरं होतं. ही घाण सहज सुटणारी, पण सेन्सर तिला जड समजतो आणि गरज नसताना पाणी व वीज वाढवतो. उलटी चूकही होते. ताटावर करकरीत वाळलेलं पिठलं पहिल्या विसळण्यात सुटतच नाही. पाणी स्वच्छ राहतं, यंत्र हलकी सायकल निवडतं आणि पिठलं ताटावर तसंच राहतं. भांडी आधी नळाखाली धुऊन लावणाऱ्यांच्या घरी हेच होतं: वरवरची घाण गेलेली, चिकटलेली शिल्लक. बोअरच्या जड पाण्याने सेन्सरच्या काचेवर पांढरा थर बसला, तरी त्याला सगळंच गढूळ दिसतं. ऑटो नेहमीच लांबू लागली, तर यंत्रात मीठ भरलेलं आहे का ते पाहावं आणि थर काढणारी पावडर एकदा वापरावी.

भांडी रोज वेगवेगळी पडत असतील तर ऑटो सोयीची. पण रोजचं जेवण भात, वरण, भाजी असंच असलेल्या घराला मी इकोच सांगेन: रात्री लावा, सकाळी काढा. मधेच वीज गेली तर बरीच यंत्रं वीज आल्यावर उरलेली सायकल पूर्ण करतात. निवलेलं पाणी पुन्हा तापवण्याचा खर्च तेवढा वाढतो.

ताटावरून बोट फिरवा

सायकल चुकली की दुसरंच काही बिघडलं, हे बोटाला कळतं. ताट तेलकट लागलं तर उष्णता किंवा वेळ कमी पडला. एक पायरी वर जा. रवाळ कण लागले तर सायकल बदलून उपयोग नाही, फिल्टर तुंबलेला आहे किंवा मोठं पातेलं पंख्याला अडलं आहे. पांढरी भुकटी दिसली आणि लिंबू चोळल्यावर गेली, तर दोष पाण्यातल्या क्षारांचा, त्याला मीठ हवं. काचेच्या पेल्यावरचा धुरकटपणा लिंबानेही गेला नाही, तर काचच झिजली आहे. असे पेले 70 अंशांत पुन्हा घालू नका.

पितळ

भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांची, त्यामुळे ही भांडी यंत्रात चालतील का हा प्रश्न इथे येणारच. चारपैकी एकाही सायकलमध्ये नाही. डिटर्जंटचा क्षार पितळ काळवंडवतो आणि आतली कल्हई खातो, कारण कथील क्षारात विरघळतं. क्विकमध्ये हे हळू होतं, इंटेन्सिव्हमध्ये झपाट्याने, पण होतं दोन्हीकडे. ॲल्युमिनियमची पातेली काळी पडतात, लोखंडी कढई आणि तवा गंजतात. ही सगळी भांडी बाजूला काढून हातानेच घासा, आणि पितळेला चिंच लावा.