मेणबत्ती, भिंग आणि पडदा
दहावीच्या वर्गात खिडक्या लावून घेतल्या की मेणबत्तीची उलटी ज्योत पडद्यावर ठळक उमटते. खरी कसोटी मात्र अंतरे नोंदवताना लागते.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेंमी असेल, तर 30 सेंमीवरच्या ज्योतीची प्रतिमा 15 सेंमीवर, निम्म्या उंचीची मिळते. ज्योत 15 सेंमीवर आणली, की पडदा 30 सेंमीवर न्यावा लागतो आणि प्रतिमा दुप्पट होते. अंतर भिंगाच्या मध्यापासूनच मोजायचे. वहीत वस्तूचे अंतर उणे चिन्हाने लिहायचे, हे मुले हमखास विसरतात.

मेणबत्ती वितळते तशी ज्योत खाली जाते आणि प्रतिमा वर सरकते. म्हणून दर नोंदीआधी ज्योत भिंगाच्या मध्याच्या उंचीला आणावी.

ज्योत 10 सेंमीच्या आत आली, तर पडदा कुठेही सरकवला तरी प्रतिमा मिळत नाही.