बदलीचा खर्च मागताना

खासगी कंपनीने बदली केली की स्थलांतराचा खर्च देण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. हा हक्क कंपनीच्या बदली धोरणातून किंवा नेमणूकपत्रातून मिळतो. म्हणून अर्जाआधी बदलीचा आदेश नीट वाचावा. त्यात ‘कामाच्या गरजेनुसार’ असे असेल तर मार्ग मोकळा असतो. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे असेल तर बहुतेक धोरणांत दावा तिथेच संपतो. चुकून तसे लिहिले गेले असेल, तर नव्या ठिकाणी रुजू होण्यापूर्वीच दुरुस्ती मागून घेतलेली बरी.

समजा, एका अभियंत्याची नाशिकहून नागपूरला बदली झाली. धोरणात सामानाच्या वाहतुकीला ४५,००० रुपयांची मर्यादा, कुटुंबाचे रेल्वेभाडे आणि हॉटेलचे सात दिवस मान्य आहेत. वाहतूकदाराचे बिल ३९,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४६,०२० रुपये झाले. दाव्यात मात्र ४५,००० रुपयेच लिहायचे. तिकिटे ३,६०० रुपयांची. हॉटेलात मुक्काम नऊ दिवस झाला, तरी रोजच्या २,२०० रुपयांप्रमाणे सात दिवसांचे १५,४०० रुपये. एकूण ६४,०००, त्यातून आधी घेतलेली ३०,००० रुपयांची उचल वजा जाता येणे ३४,००० रुपये. अर्जात प्रत्येक रकमेपुढे धोरणातले कलम आणि बिल क्रमांक लिहिला, की लेखा विभागाला शोधाशोध करावी लागत नाही. घर शोधून देणाऱ्या दलालाला दिलेले १४,००० रुपये या बेरजेत घालू नयेत. धोरण त्याबद्दल गप्प असेल तर ती विशेष मंजुरीची वेगळी विनंती ठरते. एकत्र मागितल्यास त्या एका वादापायी सगळा दावा अडकतो.

सर्वांत जास्त संशय सामानाच्या बिलावर घेतला जातो, आणि तो अकारण नाही. या धंद्यात बनावट बिले सर्रास मिळतात. तपासणारा बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पाहतो आणि बिल्टीवरचा गाडी क्रमांकही पडताळतो. तो दुचाकीचा निघाला, की प्रकरण वसुलीच्या पलीकडे शिस्तभंगापर्यंत जाते. खरे सामान नेणाऱ्यानेही बिल्टी मागून घ्यावी आणि पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे बिलाला खातेउताऱ्याची जोड मिळते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची रीत वेगळी आहे. दूरच्या बदलीत त्याला साधारणपणे मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी बदली अनुदान मिळते. बांधाबांधीची बिले लागत नाहीत. सामानाच्या वाहतुकीचा दावा मात्र वेगळा करावा लागतो.

रक्कम कापली गेली, तर कोणत्या कलमाने कापली हे लेखी विचारावे. तोंडी मिळालेल्या ‘वरून नामंजूर’ या उत्तराच्या आधारे तक्रार निवारण समितीकडे जाता येत नाही.