उडी कोण मारणार?

१८६० च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिटिग यांनी पिनाकॉल नावाचा स्फटिकी पदार्थ गंधकाम्लाबरोबर तापवला आणि त्यातून कापरासारख्या वासाचं एक द्रव मिळालं. हिशेब लावला तर पाण्याचा एक रेणू तेवढा कमी झाला होता: C6H14O2 मधून H2O गेलं, C6H12O उरलं. पण या नव्या द्रवाची रचना काही केल्या जुळेना. कार्बनचा सांगाडाच आतल्या आत बदलत असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं. १८७० च्या दशकात रशियाच्या बुटलेरोव यांनी तेच द्रव, म्हणजे पिनाकोलोन, दुसऱ्या वाटेनं तयार करून दाखवलं, तेव्हा कोडं सुटलं.

पिनाकॉलमध्ये शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक OH आणि दोन-दोन मिथिल गट असतात. आम्लातला प्रोटॉन एका OH ला चिकटतो, त्याचं पाणी होऊन ते निघून जातं आणि तो कार्बन धनभारित होतो. मग शेजारच्या कार्बनवरचा एक मिथिल गट बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी बरोबर घेऊन इकडे उडी मारतो. धनभार आता शेजाऱ्याकडे जातो, पण तिथे OH अजून शाबूत आहे. त्यातला ऑक्सिजन आपली मोकळी जोडी देऊन भार सावरतो, प्रोटॉन सोडतो, आणि कीटोन तयार होतो. ऑक्सिजनचा हा आधार मिळतो म्हणूनच उडी परवडते.

पिनाकॉलमध्ये चारही गट मिथिलच, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. आता एका कार्बनवर दोन फेनिल आणि दुसऱ्यावर दोन मिथिल असलेला डायॉल घ्या. फेनिल मिथिलपेक्षा चपळ असतो, हे पाठ असलेला विद्यार्थी लगेच ‘फेनिल सरकेल’ असं लिहितो. पण थंड, तीव्र गंधकाम्लात मुख्यतः सरकतो तो मिथिल!

कारण त्याआधीचा एक प्रश्न सुटून गेलेला असतो: पाणी कुठून गेलं? दोन फेनिल वर्तुळं धनभार स्वतःवर पसरवून घेतात, म्हणून त्यांच्या बाजूचा OH सहज निघतो. जागा त्या घरात रिकामी झाली, तर उडी शेजारच्या घरातूनच येणार, आणि तिथे राहतात दोन मिथिल. फेनिल कितीही चपळ असले तरी ते रिकाम्या जागेच्याच घरचे आहेत, त्यांना कुठे जायचंच नाही.

मग गटांची खरी शर्यत लावायची कशी? अमेरिकेतले वर्नर बाखमन यांनी १९३० च्या दशकात त्यासाठी सममित डायॉल वापरले. दोन्ही कार्बनांवर एक साधा फेनिल आणि एक बदललेला फेनिल. पाणी कुठूनही जावो, शेजारी तीच जोडी उभी असते, त्यामुळे पहिला प्रश्न आपोआप बाद होतो. फेनिलचा वेग १ धरला, तर वर्तुळाच्या समोरच्या टोकाला मिथिल असलेला गट १५.७ आणि तिथेच मेथॉक्सी असलेला गट तब्बल ५०० भरला. समोर क्लोरीन असेल तर ०.७. सरकताना वर्तुळ क्षणभर दोन्ही कार्बनांना धरून असतं आणि धनभाराचा वाटा स्वतःवर घेतं. मेथॉक्सी त्याला इलेक्ट्रॉन पुरवतो, क्लोरीन ओढून घेतो.

मला या यादीतला सगळ्यात बोलका आकडा मात्र ०.३ हा वाटतो. तोच मेथॉक्सी समोरून उचलून सांध्याच्या लगतच्या जागी ठेवला की पाचशेचा पाव-अर्धासुद्धा उरत नाही. तिथे त्याची गर्दी आड येते.

आता पुन्हा त्या दोन फेनिल, दोन मिथिलवाल्या डायॉलकडे. तीव्र गंधकाम्लाऐवजी ॲसेटिक आम्लात गंधकाम्लाचा नुसता लवलेश टाकला, तर उत्तर उलटतं आणि फेनिल सरकलेला कीटोन मिळतो. याचा अर्थ असा लावता येतो: सौम्य आम्लात निघालेलं पाणी परत येऊन चिकटू शकतं. फेनिलच्या बाजूचा भार तयार होतो, मोडतो, पुन्हा होतो, पण मिथिल सावकाश सरकतो. मिथिलच्या बाजूला भार क्वचितच तयार होतो, पण झाला रे झाला की फेनिल लगेच उडी घेतो. तीव्र आम्लात पाणी अडकून पडतं, परतीची वाट बंद होते.

कुठला कीटोन हाती आला, हे एनएमआरच्या आलेखावर लगेच कळतं. मिथिल सरकला असेल तर एक मिथिल कार्बोनिलला आणि दुसरा दोन फेनिलवाल्या कार्बनला चिकटलेला असतो, म्हणून तीन-तीन हायड्रोजनच्या दोन वेगळ्या रेषा दिसतात. फेनिल सरकला असेल तर दोन्ही मिथिल एकाच कार्बनवर सारखेच बसलेले, आणि सहा हायड्रोजनची एकच रेषा.