फंड पडला, की बाजारच पडला?

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका दर मार्चमध्ये म्युच्युअल फंडांचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येतात. 2025 साली त्यांनी दोन नावांखाली लाल रेघा मारून आणल्या होत्या. एक स्मॉलकॅप फंड, आदल्या सप्टेंबरपासून वीसेक टक्के खाली. दुसरा फ्लेक्सीकॅप, 2020 मध्ये एकरकमी टाकलेल्या 3 लाखांचे 4 लाख 90 हजार झालेले.

"पहिला विकतो. दुसरा निदान फायद्यात आहे."

मी म्हटलं, "काका, उलट करा."

त्या काळात स्मॉलकॅप निर्देशांकच शिखरापासून वीस टक्क्यांहून जास्त उतरले होते. काकांचा फंड आपल्या निर्देशांकाबरोबरच पडला होता. हे पैसे त्यांना आणखी आठ-दहा वर्षं लागणार नव्हते, तेव्हा विकायला कारणच नव्हतं. दोन वर्षांत लागणार असते, तर ते स्मॉलकॅपमध्ये ठेवणंच चूक होती. मग मी तेजीतही विका म्हटलं असतं.

फ्लेक्सीकॅपचं दुखणं वेगळं. फायदा दिसत होता, पण तो बाजाराचा. फंडाच्या फॅक्टशीटमध्ये त्याचा निर्देशांक लाभांश धरून दिलेला असतो, म्हणजे टीआरआय. त्याच्याशी ताडून पाहिलं तर फंड तीन वर्षं, दर वर्षी सरासरी तीन टक्के मागे. तेवढ्यावरही मी लगेच विका म्हणत नाही. स्वस्त शेअर धुंडाळणारे व्हॅल्यू फंड 2018 ते 2020 मध्ये असेच मागे पडले होते, नंतर सावरले. तेव्हा कंटाळून बाहेर पडलेल्यांनी मागे पडण्याचा काळ तेवढा सोसला आणि सावरण्याच्या वेळी ते तिथे नव्हते.

म्हणून मागे पडण्याचं कारण शोधावं लागतं. आम्ही जुन्या-नव्या फॅक्टशीट शेजारी ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी फंड मॅनेजर बदललेला. आधीची पन्नासेक शेअरची यादी जवळपास पूर्ण पालटलेली. त्याच प्रकारातले बहुतेक फंडही पुढे. काकांनी विकत घेतलेला फंड आता फक्त नावापुरता उरला होता.

आता करांचा हिशेब. युनिट वर्षाहून जुनी, त्यामुळे एक्झिट लोड नाही. नफा 1 लाख 90 हजार. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यातले 1 लाख 25 हजार दर आर्थिक वर्षी करमुक्त असतात, वरच्या रकमेवर 12.5 टक्के. एकदम विकलं असतं तर 65 हजारांवर आठ हजारांच्या वर कर बसला असता. काकांचा त्या वर्षी दुसरा असा नफा नव्हता. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात 3 लाख 20 हजारांची युनिट विकली, त्यात नफा सव्वा लाखाच्या आत राहिला. उरलेली एप्रिलमध्ये. कर शून्य.

स्मॉलकॅप फंड अजून त्यांच्याकडेच आहे.