तेच सहा आकडे पुन्हा

२१ जून १९९५ रोजी जर्मनीतल्या लोट्टोच्या सोडतीत १५, २५, २७, ३०, ४२ आणि ४८ हे आकडे निघाले. नंतर लक्षात आलं, की नेमके हेच सहा आकडे २० डिसेंबर १९८६ च्या सोडतीतही निघाले होते. १ ते ४९ मधून सहा आकडे निवडायचे तर १,३९,८३,८१६ वेगवेगळे संच तयार होतात, आणि १९५५ साली लोट्टो सुरू झाल्यापासून तोवर सोडती झाल्या होत्या फक्त ३,०१६. जवळपास एक कोटी चाळीस लाख संचांतून जेमतेम तीन हजार वेळा उचललं आणि तरी एक संच दोनदा हाती यावा? कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटणारच.

हा संशय जिथून येतो, ती चूक गणितवाले वाढदिवसाच्या कोड्यातून दाखवतात. एका खोलीत किती माणसं असली, की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? वर्षाचे दिवस ३६५, म्हणून बहुतेक जण १८० च्या आसपास उत्तर देतात. खरं उत्तर आहे २३.

गोम अशी, की आपण मनातल्या मनात प्रश्नच बदलतो. ‘माझ्या तारखेचं कुणी आहे का?’ असं आपण विचारतो. तसं विचारलं तर २३ जणांच्या खोलीत आपल्याखेरीज २२ माणसं, म्हणजे २२ संधी. जुळण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आतच. पण मूळ प्रश्न ‘कुणीतरी दोघे’ असा आहे. पहिल्याची उरलेल्या २२ जणांशी जोडी लागते, दुसऱ्याची आणखी २१ जणांशी, तिसऱ्याची २० जणांशी. असं मोजत गेलं की २५३ जोड्या होतात. माणसं एकेकाने वाढतात, जोड्या मात्र भराभर वाढत जातात.

नेमकी टक्केवारी काढायची तर उलटीकडून जावं लागतं: कुणाचंच जुळणार नाही, याची शक्यता किती? दुसऱ्या माणसाला ३६४ तारखा मोकळ्या, तिसऱ्याला ३६३, आणि तेविसाव्याला ३४३. यांतल्या प्रत्येकाला ३६५ ने भागून ते सगळे अपूर्णांक एकमेकांशी गुणले, की ०.४९३ येतं. म्हणजे जुळण्याची शक्यता ५०.७ टक्के. ४० मुलांच्या वर्गात ती ८९ टक्क्यांवर जाते.

यात सगळ्या तारखा सारख्याच प्रमाणात येतात असं धरलंय. प्रत्यक्षात तसं नसतं, आणि महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे! त्या पिढीतली माणसं जमवली तर कागदोपत्री तारीख जुळायला २३ जणही लागणार नाहीत. तारखांचं वाटप असमान झालं, की जुळणी आणखी लवकर होते.

आता जर्मन लोट्टोकडे. ३,०१६ सोडतींच्या जोड्या होतात ४५,४६,६२०. एकूण संचांच्या जवळजवळ एक तृतीयांश! रीतसर गुणाकार केला तर तोवर एखादा संच पुन्हा आलेला असण्याची शक्यता निघते सुमारे २८ टक्के. सुमारे ४,४०० सोडतींना ती निम्म्यावर पोचते. म्हणजे १९९५ ची घटना थोडी लवकर घडली, इतकंच. फिरकीत वजनाला कमीजास्त चेंडू असते, तर १ जूनसारखंच झालं असतं आणि पुनरावृत्त्या वाढल्या असत्या. पण असा दोष एका पुनरावृत्तीवरून ओळखता येत नाही. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा तसं घडलं, किंवा ठरावीक आकडेच वारंवार वर आले, तर मात्र यंत्र उघडून बघावं.

बल्गेरियाची गोष्ट जास्त अवघड आहे. सप्टेंबर २००९ मध्ये तिथल्या ४२ पैकी ६ आकड्यांच्या लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे सहा तारखेला आले आणि दहा तारखेला, अगदी पुढच्याच सोडतीत, वेगळ्या क्रमाने परत आले. चौकशी झाली, गैरप्रकार सापडला नाही. इथे वाढदिवसाचं गणित जसंच्या तसं लावणं मला पटत नाही, कारण लागोपाठच्या सोडतींच्या जोड्या सोडतींइतक्याच असतात, भराभर वाढत नाहीत. संच ५२,४५,७८६. आठवड्याला दोन याप्रमाणे ५० वर्षांत ५,२०० सोडती धरल्या, तर त्या काळात कधीतरी असं घडण्याची शक्यता हजारात एक. दुर्मीळ खरंच, पण लॉटऱ्या जगभर चालतात आणि बातमी होते ती जिथे असं घडतं तिथलीच.

पहिल्या सोडतीत तिथे सहाही आकडे कुणाचेच जुळले नव्हते, दुसऱ्यात मात्र १८ जणांचे जुळले. संशयाला आणखी खतपाणी मिळालं. पण मागच्या सोडतीचे आकडे तसेच्या तसे लावणारे हौशी कुठल्याही लॉटरीत असतात. त्यांचे आकडे लागलेच, तर बक्षीस वाटून घ्यावं लागतं. बल्गेरियात प्रत्येकाच्या वाट्याला आले सुमारे दहा हजार लेव्हा.