रहस्याची प्रामाणिक उकल

मुलांनो, रहस्यकथा वाचली नाही असा वाचक क्वचितच सापडेल. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड यांच्या साहसांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची झोप उडविली. साहसकथेत आपण नायकाच्या पाठोपाठ धावत असतो. परंतु रहस्यकथेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात लेखक वाचकापुढे कोडे मांडतो आणि शेवटच्या प्रकरणात त्याचे अनपेक्षित उत्तर देतो. अशा शेवटाला आपण 'कलाटणी' म्हणू. कलाटणीने वाचक चकित होतो, हे खरे. पण चकित करणे मुळीच अवघड नाही. ज्याचा कोणी विचारही केला नव्हता असे काहीही शेवटी सांगितले, तरी वाचक चकित होतोच. म्हणून खरा प्रश्न असा की, ते उत्तर शोधण्याची संधी लेखकाने वाचकाला दिली होती काय?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, घाटकोपरच्या एका चाळीत गणेशोत्सवाच्या दिवसांत देव्हाऱ्यातील चांदीचा मोदक नाहीसा झाला. चार माणसांवर संशय आहे. शेवटच्या पानावर लेखक सांगतो की, चौघांपैकी एकाला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा जुळा भाऊ होता व चोरी त्याने केली. या भावाचा उल्लेख आधी कोठेही नाही. अशी कथा मिटताना आपल्याला फसविल्यासारखे वाटते. आपली बुद्धी कमी पडली असे नव्हे. तिला काम करण्यास काही साधनच मिळाले नव्हते.

आता तीच कथा दुसऱ्या रीतीने लिहू. चौघांपैकी एक पाहुणा म्हणतो, "मी दादरहून जलद गाडीने आलो आणि विद्याविहारला उतरून चालत आलो. मला उशीर झाला तो त्यामुळेच." कोणी हरकत घेत नाही. वास्तविक जलद गाडी विद्याविहारला थांबत नाही. ती कुर्ल्याहून सरळ घाटकोपरला येते. पाहुणा खोटे बोलला, आणि त्या वेळेचा हिशेब त्याला देता येत नाही. मुलुंडच्या मुलाला हा पुरावा वाचताक्षणीच खटकेल. पण नागपूरच्या मुलाने काय करावे? म्हणून प्रामाणिक लेखक दहा पाने आधी चाळीतल्या एखाद्या आजोबांच्या तोंडी तक्रार घालून ठेवील की, जलद गाडी विद्याविहारला थांबत नसल्यामुळे त्यांना रोज खोळंबावे लागते. आता दोन्ही मुलांना सारखीच संधी मिळाली. खुणेचा अर्थ लावण्यास जे ज्ञान लागते, तेही कथेतच मिळाले पाहिजे.

ही कसोटी आता एका प्रसिद्ध कादंबरीला लावून पाहू. इंग्रज लेखक विल्की कॉलिन्स याने १८६८ साली 'द मूनस्टोन', म्हणजे 'चंद्रमणी', ही कादंबरी लिहिली. तिच्यातील हिरा आपल्या सोमनाथाचा असून १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने तो बळकाविला, अशी कथा लेखकाने रचिली आहे. पुढील विवेचनासाठी कादंबरीचा शेवट सांगणे भाग आहे. त्यावाचून खुणा तपासता येणार नाहीत.

तो हिरा त्या अधिकाऱ्याची भाची रेचेल हिला तिच्या अठराव्या वाढदिवशी मिळतो. त्याच रात्री तिच्या दिवाणखान्यातून तो नाहीसा होतो. घरात रेचेलचे दोन मावसभाऊ उतरले आहेत: फ्रँकलिन ब्लेक आणि गॉडफ्रे एबलव्हाइट. ब्लेकचे रेचेलवर प्रेम आहे, आणि हिऱ्याच्या शोधासाठी सर्वांत अधिक धडपड तोच करतो. शेवटी निघते काय, तर हिरा उचलणारा स्वतः ब्लेकच! त्याला त्या रात्री त्याच्या नकळत अफूचा अर्क पाजण्यात आला होता. त्या गुंगीत हिऱ्याच्या काळजीने तो उठला, हिरा सुरक्षित ठेवावा म्हणून त्याने तो घेतला, आणि सकाळी त्याला कशाचीच आठवण राहिली नाही. पुढे तो हिरा गॉडफ्रेच्या हाती पडला व कर्जात बुडालेल्या त्या माणसाने तो दडविला.

चोराचा शोध करणाराच चोर निघावा, ही कलाटणी केवढी मोठी! ती लेखकाने कमावली आहे काय?

पहिली कसोटी ही की, खुणा वाचकाच्या डोळ्यांपुढे वेळेवर आल्या होत्या काय. कथेच्या पूर्वार्धात घरचा वृद्ध कारभारी बेटरेज वृत्तान्त सांगतो. तो सांगतो की, रेचेलला चिरुटाचा वास आवडत नाही म्हणून ब्लेकने धूम्रपान एकदम सोडले आणि तेव्हापासून त्याला रात्री झोप येईनाशी झाली. वाढदिवसाच्या मेजवानीत डॉक्टर कँडी त्याला औषध घेण्यास सुचवितात. ब्लेक औषधांची थट्टा करतो आणि दोघांचा चांगलाच खटका उडतो. रात्री झोपावयास जाताना गॉडफ्रे ब्लेकला काहीतरी पेय घेण्याचा आग्रह करतो आणि ते पेय वर पाठविले जाते. पुढे कळते की, ब्लेकची खोड मोडावी म्हणून डॉक्टरांनी गुपचूप अर्क दिला होता व तो पेयात मिसळणारा गॉडफ्रेच होता. निद्रानाश, भांडण, पेय ही तिन्ही गोष्टी हिरा चोरीस जाण्यापूर्वीच सांगून झालेल्या आहेत.

मग त्या आपल्या लक्षात का येत नाहीत? लेखकाचे कौशल्य येथेच आहे. प्रत्येक खुणेला त्याने दुसरे एक साधे प्रयोजन दिले आहे. चिरुट सोडणे हे प्रेमाचे लक्षण म्हणून येते. डॉक्टरांशी झालेले भांडण हे त्या बिघडलेल्या मेजवानीतील आणखी एक फजिती म्हणून येते. पेयाची गोष्ट तर बेटरेज क्षुल्लक म्हणूनच सांगतो. दोघे भाऊ अजून स्नेहाने वागतात, याचा त्याला आनंद झालेला असतो. खूण झाकलेली नाही. तिच्यावर केवळ दुसरा अर्थ पांघरलेला आहे. खूण लपविणे आणि खुणेचा अर्थ लपविणे यांतील हा भेद नीट ध्यानात घ्या. पहिले लबाडीचे, दुसरे कलेचे.

दुसरी कसोटी अशी की, खुणांपासून उत्तरापर्यंत तर्काने जाता येते काय. रेचेलच्या खोलीच्या दारावर नवा रंग दिलेला होता आणि तो एके ठिकाणी पुसटला होता. गावचा पोलीस अधिकारी म्हणतो की, सकाळी अकरा वाजता दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोलकरणींच्या झग्यांनी तो पुसटला असेल. परंतु लंडनहून आलेला सार्जंट कफ हिशेब करतो. रंगाचे काम आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता संपले. हा रंग बारा तासांत वाळतो, म्हणजे पहाटे तीनला तो वाळला. सकाळी अकराला तो वाळून आठ तास झाले होते. तेव्हा तो पुसटणे शक्यच नव्हते. मध्यरात्री बेटरेजच्या मुलीने दार पाहिले, तेव्हा रंग जसाच्या तसा होता. म्हणजे बारा ते तीन या वेळात कोणीतरी त्या दारातून गेले, आणि त्याच्या वस्त्राला रंगाचा डाग लागला. ते वस्त्र शोधा म्हणजे माणूस सापडेल. हा हिशेब तुम्हीही वहीवर करू शकाल. कफजवळ असलेला प्रत्येक आकडा तुमच्याजवळही आहे. पुष्कळ पानांनंतर तो रात्रीचा अंगरखा सापडतो आणि त्यावर ब्लेकचे नाव असते.

याच कसोटीचा दुसरा भाग रेचेलच्या वागण्यात आहे. आपला हिरा गेला असूनही ती तपासाला मदत करीत नाही, आणि ब्लेकवर तर विलक्षण रागावते. कफसारखा चतुर मनुष्यही यावरून तिच्यावरच संशय घेतो. वास्तविक तिने ब्लेकला हिरा घेताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि प्रेमापोटी ती गप्प होती. कफच्या समजुतीने तिच्या मौनाचा उलगडा होतो, पण ब्लेकवरील रागाचा होत नाही. खऱ्या उत्तराने दोहोंचा होतो. जे उत्तर एकही धागा सुटा ठेवीत नाही, तेच कमावलेले उत्तर होय.

तिसरी कसोटी निवेदकाच्या सत्याची. कथा सांगणाऱ्याने खोटे विधान केले, तर वाचकाच्या पायाखालची जमीनच नाहीशी होते. येथे वृत्तान्त सांगणारे अनेक आहेत. प्रत्येकजण स्वतःला जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगतो. ब्लेक स्वतःला निर्दोष समजतो, कारण त्याला खरोखरच काही आठवत नसते. तो चुकतो, पण खोटे बोलत नाही.

तरीही या कादंबरीत एक उणीव राहतेच. डॉक्टरांनी अर्क दिल्याचे वाचकाला फार उशिरा कळते. त्याच रात्री पावसात भिजून डॉक्टर आजारी पडतात व त्यांची स्मृती जाते, म्हणून ते कोणाला सांगू शकत नाहीत. शिवाय गुंगीतला मनुष्य उठून असे काही करील, हे सामान्य वाचकाला कसे ठाऊक असावे? लेखकाला ही अडचण जाणवली असावी. त्याने सुमारे वर्षभरानंतर त्याच घरात, साक्षीदारांसमोर ब्लेकला पुन्हा अर्क देऊन तोच प्रयोग करविला आहे. पण हा प्रयोग उत्तर सांगून झाल्यावर येतो. तेव्हा न्याय असा करावा लागेल: 'हिरा कोणी उचलला' हे शोधण्याची संधी वाचकाला पुरेपूर मिळाली, 'कसा उचलला' हे शोधण्याची संधी अर्धीच मिळाली.

पुढे १९३० साली इंग्लंडमधील रहस्यलेखकांनी 'डिटेक्शन क्लब' नावाची संस्था स्थापिली. तिच्या सभासदांना वाचकापासून महत्त्वाची खूण न लपविण्याची शपथ घ्यावी लागे. कॉलिन्सच्या वेळी अशी शपथ नव्हती.

एखाद्या कादंबरीच्या शेवटाने तुम्ही थक्क झालात, तर पहिली पन्नास पाने पुन्हा वाचा. जुनी वाक्ये नव्या अर्थाने बोलू लागली आणि एकही वाक्य खोटे ठरले नाही, तर कलाटणी कमावलेली आहे. ती पाने पूर्वीसारखीच मुकी राहिली, तर लेखकाने उत्तर बाहेरून आणून चिकटविले, असे समजावे.

स्वाध्याय

१. जुळ्या भावाची कथा वाचकाला फसविल्यासारखी का वाटते?
२. रंग सकाळी अकरा वाजता पुसटला नाही, हे सार्जंट कफने कसे सिद्ध केले? वेळा मांडून लिहा.
३. 'खूण लपविणे' आणि 'खुणेचा अर्थ लपविणे' यांतील फरक पाठातील एका खुणेच्या आधारे स्पष्ट करा.
४. चांदीच्या मोदकाची कथा पूर्ण करा. तुम्ही पेरलेली प्रत्येक खूण कथेत कोठे येते, ते शेवटी नोंदवा.