पडझड किती आपली, किती दुसऱ्याची?

समजा, नाशिकच्या एका वहिनींनी अकरा महिन्यांपूर्वी एका कंपनीचे ६०० शेअर ७०० रुपयांच्या भावाने घेतले. आज भाव १,००० आहे. नफा झाला १ लाख ८० हजार, आणि पैसे घराच्या कामासाठी हवे आहेत. पण आज विकले तर नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि त्यावर २० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये कर बसतो. वर्ष पुरे होऊ दिले तर नफा दीर्घमुदतीचा होतो. मग पहिले सव्वा लाख माफ, उरलेल्या ५५,००० वर साडेबारा टक्के, म्हणजे फक्त ६,८७५ रुपये. चार आठवडे थांबले की २९,१२५ रुपये वाचतात. (उपकर, दलाली आणि इतर किरकोळ खर्च हिशेबात धरलेले नाहीत. वहिनींना यंदा दुसरा भांडवली नफा नाही, असेही धरले आहे.)

प्रश्न त्या चार आठवड्यांचा आहे. शेअर पन्नास रुपयांनी घसरला की ३०,००० रुपये जातात आणि वाचवलेला कर त्यातच बुडतो. वहिनींना थांबायचे आहे, पण उघड्यावर थांबायचे नाही. अशा वेळी पुट ऑप्शन कामाला येतो.

पुट म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा विकत घेतलेला हक्क. त्या ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात, तारखेला एक्स्पायरी आणि हक्काच्या किमतीला प्रीमियम. ९५० चा पुट हाती असेल तर बाजारात भाव ७०० झाला तरी वहिनींना ९५० मिळणारच. भाव वर राहिला तर हक्क वापरायचा नाही आणि प्रीमियम गेला असे समजायचे, जसा वर्षभर अपघात न झालेल्या गाडीचा विम्याचा हप्ता जातो.

गाडीच्या विम्यातली आणखी एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. दाव्यातली पहिली काही रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते आणि त्यापुढचे विमा कंपनी देते. मालकाचा हा हिस्सा जितका मोठा, तितका हप्ता लहान. आजचा भाव आणि स्ट्राइक यांतले अंतर हाच पुटमधला मालकाचा हिस्सा. स्ट्राइक किती खाली ठेवायची, याचा अर्थ पहिली पडझड किती आपल्या अंगावर घ्यायची, एवढाच.

वहिनींसमोर तीन भाव आहेत असे धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण रोज साधारण पावणेदोन टक्के हलणाऱ्या शेअरला महिनाभराच्या मुदतीत शोभतील असे: १,००० चा पुट ३० रुपयांना, ९५० चा १३ ला आणि ९०० चा ५ ला. भाव दर शेअरमागे असतो आणि व्यवहार मात्र लॉटमध्ये होतो. या शेअरचा लॉट ६०० चा धरला तर खर्च अनुक्रमे १८,०००, ७,८०० आणि ३,००० रुपये. पडद्यावर ५ रुपये दिसतात आणि माणूस भुलतो. आधी गुणाकार करावा.

इथे बहुतेक जण सर्वांत स्वस्त पुट उचलतात. पण ते तीन पुट म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू नव्हेत, संरक्षणाचे एकावर एक रचलेले थर आहेत. ९०० च्या खालची सगळी पडझड ५ रुपयांत झाकली जाते. ९५० ते ९०० हा पन्नास रुपयांचा थर झाकायला आणखी ८ रुपये पडतात. १,००० ते ९५० हा वरचा तेवढाच थर झाकायला आणखी १७. वरचा थर महाग का, हे उघड आहे. शेअर दहा-वीस रुपयांनी घसरणे ही नेहमीची गोष्ट आहे, दोनशे रुपयांनी घसरणे विरळा. रोज होणाऱ्या खरचट्यांचा विमा कुठलीही कंपनी स्वस्तात देत नाही. म्हणून प्रत्येक थरापाशी वेगळा प्रश्न विचारावा: हे पन्नास रुपये मला सोसवतील का? सोसवणार असतील तर १७ रुपये देऊन ते दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालायचे?

वहिनींचा हिशेब पाहू. आज विकून, कर भरून हातात ५,६४,००० येतात. ही तुलनेची रेघ. १,००० चा पुट घेतला आणि शेअर कितीही कोसळला, तरी १,००० ने विकून, ६,८७५ कर आणि १८,००० प्रीमियम वजा जाता ५,७५,१२५ उरतात. म्हणजे वाईटात वाईट झाले तरी आजच्यापेक्षा ११,१२५ जास्तच. ९५० चा पुट घेतला तर सर्वांत वाईट निकाल ५,५९,०७५, रेघेच्या ४,९२५ खाली. इथे नफा कमी झाल्याने करही ३,१२५ वर येतो, हे लक्षात घ्यावे. ९०० च्या पुटने नफा सव्वा लाखाच्या आत येतो आणि कर उरत नाही, तरीही तळ ५,३७,००० वर, रेघेच्या २७,००० खाली. पुटच नसेल तर ८०० च्या भावाला ४,८०,०००, आणि त्याखाली तळच नाही.

आता दुसरी बाजू. शेअर जिथल्या तिथे १,००० वर राहिला तर ९५० चा पुट घेतलेल्या वहिनींकडे ५,८५,३२५ असतात, म्हणजे १,००० चा पुट घेतला असता त्यापेक्षा १०,२०० जास्त. वाईट निकालात सुमारे पाच हजारांचा फटका सोसण्याची तयारी ठेवली, तर भाव टिकल्यास दहा हजार वाचतात. ही अदलाबदल वहिनींना परवडते. ९०० चा पुट मात्र त्यांच्या कामाचा नाही. तो फक्त मोठ्या आपत्तीचा विमा आहे आणि त्यांना भीती आहे ती पाच-सात टक्क्यांच्या साध्या घसरणीची. भाव ९२० झाला तर त्या पुटचे ५ रुपये आणि शेअरमधले ८० रुपये, दोन्ही जातात.

याच शेअरचा मालक वीस वर्षे थांबणारा असता, तर उत्तर उलटे झाले असते. दहा टक्क्यांचे चढउतार त्याला गिळता येतात. त्याला झोप न लागू देणारी गोष्ट म्हणजे तीस-चाळीस टक्क्यांचा खड्डा, आणि त्याच्यासाठी दूरची, स्वस्त स्ट्राइक योग्य. पण तोही दर महिन्याला विमा घेत बसला, तर १,००० च्या पुटचे ३० रुपये बारा वेळा, म्हणजे वर्षाला शेअरच्या किमतीच्या ३६ टक्के होतात. त्यातले काही घसरणीच्या महिन्यांत परत येतील हे खरे, पण शेअर बाळगण्याचे कारणच त्यात झिजून जाते. पुट हे ठरावीक मुदतीच्या, ठरावीक भीतीसाठी आहे.

मग स्टॉपलॉस का लावू नये? तो फुकट आहे. कारण स्टॉपलॉस म्हणजे फक्त विकण्याची सूचना. त्या भावाला घेणारा मिळेल, ही हमी तो देत नाही. ६ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचा शेअर सुमारे १७९ रुपयांवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली आणि संध्याकाळी भाव सुमारे ४० वर होता. ज्यांच्याकडे पुट होता, त्यांचा विकण्याचा भाव आधीच ठरलेला होता. आणखी एक धडा त्याच दिवसाचा. निफ्टी त्या दिवशी सहा टक्क्यांच्या आसपास पडला आणि सत्यम पाऊणहून अधिक. निफ्टीचा पुट स्वस्त आणि सहज मिळणारा म्हणून तो एकाच कंपनीच्या शेअरसाठी घेतला, तर बाजाराची घसरण झाकली जाते, कंपनीची नाही.

हप्ता केव्हा महाग होतो? भीती वाढली की. बाजार पुढे किती हलेल असे वाटते, ते ऑप्शनच्या भावांतून मोजणारा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक लोकसभा निवडणुकीच्या वर्षी, एप्रिल २०२४ च्या अखेरीस १०-११ च्या आसपास होता आणि मे संपता संपता २४ च्या घरात. म्हणजे तोच पुट दुपटीहून महाग. ४ जूनला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, आणि दुसऱ्याच दिवशी व्हिक्स २० च्या खाली आला. ढग दिसल्यावर छत्री घ्यायला निघालेल्याला दुकानदार भाव सांगतो तो असा. ठरलेल्या बातमीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या पुटमध्ये शेअर पडूनही अपेक्षेइतके मिळत नाही, त्याचे कारण हेच.

काही व्यावहारिक अडचणी वहिनींनी आधीच पाहून ठेवाव्यात. पहिली तारखेची. वर्ष पुढच्या महिन्याच्या १८ ला पुरे होत असेल तर एक्स्पायरी त्यानंतरची हवी. सध्या मासिक करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात, त्यामुळे पुढच्या महिन्याचा करार चालतो, या महिन्याचा नाही. दुसरी लॉटची. ४०० शेअर असते तर ६०० चा पुट हा विमा राहिला नसता, त्यातल्या २०० शेअरपुरता तो सट्टा झाला असता. १०० शेअरवाल्याला ही सोयच नाही. तिसरी शेवटाची. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सर्व ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. एक्स्पायरीला भाव ९५० च्या खाली असेल तर डीमॅटमधले शेअर खरोखर जातील, म्हणून ते गहाण नसावेत. शेवटच्या काही दिवसांत ब्रोकर जादा मार्जिनही मागतो. शेअर ठेवायचे असतील तर एक्स्पायरीआधी पुटच विकून टाकावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. चौथी भावाची. दूरच्या स्ट्राइकना गिऱ्हाईक कमी असते. घेणारा ९ म्हणतो आणि विकणारा १५, असे दिसले तर बाजारभावाने ऑर्डर टाकू नये, आपला भाव लिहून थांबावे.

समजा, वहिनींनी ९५० चा पुट घेतला आणि महिनाअखेरीस शेअर ९९० वर आहे. पुट कोरा गेला, ७,८०० रुपये संपले. शेअर विकून, कर देऊन हातात ५,८०,०७५ आले, महिन्यापूर्वीच्या रेघेपेक्षा १६,०७५ जास्त. घरात कोणी म्हणेल, पुट घेतला नसता तर आणखी ७,८०० वाचले असते. बरोबर आहे. पण ते वाचणार हे त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते, आणि वहिनींनी पैसे मोजले होते ते त्या दिवसासाठी.